सीझनचा अबोला आणि साखरपुड्यानंतरचा अबोला

स्वाती पहिल्यांदा आली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. खुर्चीत बसायच्या आधीच तिने फोन उघडून माझ्यासमोर ठेवला. एका रात्रीत केलेले चौदा कॉल, एकही उचललेला नाही, आणि सकाळी सव्वासातला आलेला मेसेज: ‘कामात होतो. नंतर बोलू.’ तो ‘नंतर’ चार दिवसांनी आला होता.

(स्वाती आणि अनिकेत ही खरी नावं नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी दोघांची परवानगी घेतली आहे.)

अनिकेत चौतीस वर्षांचा. देवगड तालुक्यात वडिलोपार्जित हापूसची बाग आहे, ती तोच बघतो. स्वाती एकतीसची, कुडाळला एका बँकेत नोकरीला. ओळख दीड वर्षाची, दोघांनी आपापलं जमवलेलं, घरच्यांची ना नव्हती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साखरपुडा झाला आणि लग्न डिसेंबरात ठरलं. साखरपुड्यानंतर अकराव्या दिवसापासून तो गप्प व्हायला लागला. हा अकरावा दिवस स्वातीने मोजलेला होता. बँकेतली माणसं मोजतात.

तिचा प्रश्न सरळ होता. ‘मॅडम, तो म्हणतो मला थोडी मोकळीक हवी. द्यायला माझी हरकत नाही. पण ही मोकळीक आहे की हा निघून चाललाय, एवढं मला कळायला हवं.’

पहिल्याच भेटीत मी चुकले. मार्च म्हणजे काय ते कोकणात सांगावं लागत नाही. फळ सुपारीएवढं, अंड्याएवढं होत आलेलं, फवारण्या चालू, काही झाडांची काढणीही सुरू झालेली. पहाटे उठायचं, गड्यांच्या मागे फिरायचं, संध्याकाळी पेट्या भरायच्या आणि रात्री वाशीच्या गाडीत चढवायच्या. अशा माणसाने फोन उचलला नाही यात मला नवल वाटलं नाही. मी म्हटलं, ‘सीझन आहे. जूनपर्यंत थोडं सबुरीने घ्या.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मागच्या सीझनलाही बाग हीच होती. तेव्हा तो रोज रात्री गाडी भरून झाली की फोन करायचा. बोलता बोलता झोपायचा.’

तिथे माझं स्पष्टीकरण पडलं. काम तेवढंच, माणूस तोच, ऋतू तोच. दोन सीझनच्या मध्ये बदललेली ठळक गोष्ट एकच होती, साखरपुडा. एखाद्याचा अबोला थकव्यातून आलाय की जवळिकीतून, याची इतकी स्वच्छ तुलना क्वचितच हाती लागते. ती माझ्या नाही, तिच्या लक्षात आली.

पण तेवढ्यावरून ‘तो टाळतोय’ असा शिक्का मारणं ही दुसरी चूक ठरली असती. म्हणून मी दोघांकडे तीन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. अनिकेत यायला तयार होता. तो कुरकुर करत आला, पण आला, हे इथे नोंदवून ठेवते. वहीत प्रत्येक अबोल्यापुढे चारच गोष्टी लिहायच्या होत्या: त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय झालं, गप्प होण्याआधी काही सांगितलं का, त्या वेळात त्याने काय केलं, आणि परत आला तेव्हा कसा आला. ‘काय वाटलं’ हा रकाना मुद्दामच नव्हता. तो ठेवला की वहीचं भांडण होतं.

दोन नोंदी सविस्तर सांगते, कारण सगळं प्रकरण त्यांच्यात आहे.

पहिली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. आदले दोन दिवस काढणी जोरात, दोन गडी आजारी, अनिकेत स्वतः झेला घेऊन झाडावर. संध्याकाळी त्याने मेसेज टाकला, ‘आज पेट्या जास्त आहेत, डोकं चालत नाही. उद्या रात्री बोलतो.’ त्या वेळात त्याने पेट्या भरल्या, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास फोन केला आणि अर्धा तास बोलला. कुठल्या झाडावर माकडं आली, दलालाने काय दर दिला, आणि मधेच, ‘तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?’ स्वातीने शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नेहमीसारखा.’

दुसरी नोंद शिमग्याची. ती वहीच्या आधीची, म्हणून दोघांच्या मेसेजवरून मागे जाऊन जुळवली. पालखी घरी येणार म्हणून स्वाती दोन दिवस देवगडला होती. तिने पालखीला ओवाळलं, सासूने तिची ओटी भरली, शेजारच्या बायकांना ‘आमची सून’ म्हणून सांगितलं. रात्री रोंबाट बघून आल्यावर दोघं अंगणात उशिरापर्यंत बसली होती. अनिकेत तिला पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलला. ती म्हणते, ‘आमच्या दीड वर्षातली ती सगळ्यात जवळची रात्र.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती उठायच्या आधी बागेत गेला आणि तिची एसटी सुटेपर्यंत आला नाही. त्या दिवशी बागेत काम नव्हतं, शिमग्याची सुट्टी म्हणून गडी गावी गेले होते. पुढचे पाच दिवस एका शब्दाची उत्तरं. सहाव्या दिवशी जो फोन आला तो हवापाण्यावर. अंगणातल्या रात्रीचा उल्लेख नाही, तिने काढला तर ‘हो, ते ठीक आहे.’

दोन्ही वेळा त्याने एकच वाक्य वापरलं होतं: ‘माका जरा मोकळो श्वास व्हयो.’ आणि दोन्ही वेळा ते त्याला मनापासून वाटलं होतं. म्हणून शब्दांवरून फरक कळत नाही. थकून आलेला अबोला कामाच्या मागून आला, आधी सांगून आला, आणि त्यातून बाहेर पडलेला माणूस जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलला. दुसरा अबोला कामाच्या नाही, जवळिकीच्या मागून आला, सुट्टीच्या दिवशी आला, आणि परत आलेला माणूस एक पायरी मागे जाऊन उभा राहिला. मला सगळ्यात जास्त सांगून जातो तो हा शेवटचा रकाना. विश्रांती घेतलेला माणूस परतताना नातं तेवढंच ठेवतो. दूर सरकलेला माणूस परततो, पण मधला जवळचा प्रसंग घडलाच नाही असं धरून.

तीन आठवड्यांच्या वहीत एकूण नऊ अबोले होते. सहा पहिल्या जातीचे आणि तीन दुसऱ्या. हा आकडा स्वातीला पटेना. तिच्या मनात नऊच्या नऊ दुसऱ्या जातीचे होते.

अनिकेतला मी एकट्याला भेटले तेव्हा त्या तिसऱ्या रकान्यावर, म्हणजे त्या वेळात तो काय करतो यावर, बराच वेळ गेला. पेट्या भरून थकलेल्या रात्री त्याच्या डोक्यात काही नसायचं, पाठ टेकली की झोप. शिमग्यानंतरच्या पाच दिवसांत मात्र डोकं एक काम सतत करत होतं. ती हसते ते किती मोठ्याने, हे त्याला अचानक जाणवायला लागलं. दीड वर्ष तेच हसणं आवडत होतं. ती कुडाळला वाढलेली, तिला बागेतलं काय कळणार, असं वाटू लागलं. कॉलेजातल्या एका मुलीची आठवण आली, जिच्याशी त्याचं धड काही झालंही नव्हतं. मी विचारलं, ‘या पाच दिवसांत बरं वाटत होतं?’ तो म्हणाला, ‘पहिल्या दिवशी. सुटल्यासारखं. मग नुसतं बधिर.’

याला मानसशास्त्रात नाव आहे. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांच्या आईशी असलेल्या बंधाचा अभ्यास केला. 1987 मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी तोच विचार मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावला. काही माणसं जवळिकीने अस्वस्थ झाली की जवळिकीची गरजच मनातल्या मनात बंद करून टाकतात. समोरच्याच्या खोडी काढणं, जुनी किंवा कल्पनेतली व्यक्ती आठवणं, ‘मला एकट्याला जमतं’ हे स्वतःला बजावणं, ही बंद करायची नेहमीची हत्यारं. अनिकेतने पाच दिवसांत तिन्ही वापरली होती, आणि असं काही शास्त्र असतं हे त्याला ठाऊकही नव्हतं.

बाहेरून ही माणसं थंड दिसतात. पण एन्सवर्थच्या पद्धतीच्या प्रयोगात, आई खोलीतून गेल्यावर निवांत खेळत बसलेल्या मुलांच्या हृदयाची गती मोजली तेव्हा ती वाढलेली निघाली. अ‍ॅलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांचं हे काम 1977 चं. मूल खेळण्याकडे बघत असतं आणि छातीत धडधड चालू असते. हे मी स्वातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे त्यालाही त्रास होतो?’ होतो. पण हे उत्तर जपून वापरावं लागतं. त्याला त्रास होतो एवढ्याने तिचा त्रास कमी होत नाही, आणि कित्येक बायका या एका वाक्यावर वर्षानुवर्षं काढतात.

वडिलांबद्दल तो अंगणात जे बोलला होता, ते असं. वडील मुंबईला नोकरीला, दरवर्षी गणपतीला यायचे. दहा दिवस मुलाला खांद्यावरून उतरवायचे नाहीत. परतीच्या दिवशी एसटी यायच्या तासभर आधी अनिकेत बागेत जाऊन लपायचा, निरोप द्यायला कधी आलाच नाही. त्याच्या आईने मला कौतुकाने सांगितलं, ‘तेका लहानपणापासून कोणाची गरजच लागली नाय.’ हे ऐकून सगळा उलगडा झाल्यासारखं वाटतं, आणि नेमका तिथेच मी हात आखडता घेते. अर्ध्या कोकणाचे वडील मुंबईला होते आणि त्यातली बरीच मुलं बायकोशी रोज गप्पा मारतात. लहानपण आणि मोठेपणीचं वागणं यांचा संबंध आहे, पण तो सैल आहे. मला त्या गोष्टीतून एकच उपयोगी धागा मिळाला: जवळ येणं म्हणजे आता कोणीतरी जाणार, आणि जाण्याच्या वेळी आपण तिथे नसलेलं बरं. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी स्वातीची एसटी सुटताना तो कुठे होता, ते वर आलंच आहे.

आता स्वातीची बाजू. चौदा कॉल हीसुद्धा या प्रकरणातली एक वस्तुस्थिती आहे. एकाने मागे लागायचं आणि दुसऱ्याने मागे सरकायचं, या जोडीत दोघांनाही सुरुवात दुसऱ्याने केली असं वाटतं. वहीतल्या एका अबोल्यात मी तास जुळवले. तो संध्याकाळी सहाला ‘उद्या बोलतो’ म्हणाला होता, म्हणजे पहिल्या जातीचा स्वच्छ अबोला. आठपासून तिचे कॉल सुरू झाले, साडेदहाला त्याने फोन बंद केला आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे बोललाच नाही. सुरुवातीला ती विश्रांती होती, साडेदहानंतर ती पळवाट झाली. याचा अर्थ चूक तिची असा नाही. आधीच्या पाच दिवसांनी पोळलेली बाई ताकही फुंकून पिणार. पण अबोला कुठल्या जातीचा हे ठरवताना तो कसा सुरू झाला आणि मधे काय घडलं, हे वेगवेगळं बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट तिने चुकीच्या खात्यात टाकली होती. अनिकेत रोज पहाटे साडेचार ते सात बागेत एकटा असतो, फोन घरी ठेवून. ती त्याला ‘मला टाळायची वेळ’ म्हणायची. चौकशी केली तर ही सवय वयाच्या विसाव्या वर्षापासूनची, सीझन असो नसो, स्वाती आयुष्यात असो नसो. त्या अडीच तासांनंतर तो घरात सगळ्यांशी बोलतो, चहा स्वतः टाकतो. ही खरी गरज. नात्याच्या आधीपासून आहे, नात्यातल्या चढउतारांनी कमीजास्त होत नाही, आणि तिच्यातून परतलेला माणूस जास्त मोकळा असतो. तिला हात लावायचा नाही, असं मी स्वातीला स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्याही शक्यता तपासाव्या लागल्या. उदासीनता असती तर तो आईपासून, मित्रांपासून, बागेपासूनही तुटला असता. झोप, भूक बिघडली असती. तसं नव्हतं, तो फक्त स्वातीपासून दूर जात होता. लग्नच नको असेल, हेही मी त्याला सरळ विचारलं. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, ‘नको असतं तर सुटल्यासारखं पाच दिवस वाटलं असतं. एकच दिवस वाटतं.’ आणि अबोला शिक्षा म्हणून वापरला जातोय का? तशा घरात अबोल्याआधी मागणी असते आणि ती पुरी झाली की तो संपतो. इथे तसं काही सापडलं नाही. सापडलं असतं तर वही, करार वगैरे काही केलं नसतं. तो वेगळा विषय आहे.

मग मोकळिकीचा एक छोटा करार केला. गप्प व्हावंसं वाटलं की अनिकेतने तसं सांगायचं, परतीची वेळ त्यानेच ठरवायची, आणि त्या वेळेपर्यंत स्वातीने एकही कॉल किंवा मेसेज करायचा नाही. परतल्यावर त्याने आधीच्या प्रसंगाबद्दल एक वाक्य बोलायचं, फक्त एक. या कराराचा उपयोग दुहेरी असतो. नातं सावरतं ते आहेच, पण खरी गरज आणि पळवाट यांची चाचणीही होते. मागितलेली मोकळीक निर्विघ्न मिळाली की खरी गरज भागते आणि माणूस वेळेवर येतो. पळवाट असेल तर मोकळीक मिळूनही पुरत नाही, वेळ पुढे सरकत राहते.

पहिल्या दोन वेळा तो वेळेवर आला. तिसऱ्या वेळी दोघांनी लग्नानंतर राहायची खोली बघितली, कपाट कुठे, पलंग कुठे असं ठरवलं, आणि तो म्हणाला, ‘रविवारी बोलतो.’ रविवार गेला. सोमवारी त्याने ‘बुधवारी’ असं कळवलं. स्वातीने कॉल केला नाही, दात ओठ खाऊन केला नाही. म्हणजे या वेळी ‘ती मागे लागली म्हणून’ हे कारण उरलं नव्हतं. चाचणी स्वच्छ झाली.

मंगळवारी रात्री अवकाळी पाऊस आला. झाडावरचा तयार आंबा वाऱ्याने झोडपला. अनिकेत गड्यांना घेऊन रात्रभर बॅटरीच्या उजेडात पडलेलं फळ गोळा करत होता. पहाटे दोनला, दमून, भिजून, त्याने स्वातीला फोन केला आणि नुसता रडला.

तिला ते कोडं वाटलं. इतका दमलेला असताना फोन कसा केला? मला मात्र त्यात उत्तर दिसलं. मारिओ मिकुलिन्सर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. टाळणारी माणसं मोडलेल्या नात्याचे विचार एरवी छान दाबून ठेवतात, पण त्यांना सात आकडी संख्या लक्षात ठेवायला लावून डोक्यावर भार टाकला की ती दाबणी सुटते आणि दडपलेलं वर येतं. दूर राहायलाही ताकद लागते. त्या रात्री अनिकेतकडे ती उरली नव्हती. केवळ थकव्यामुळे दूर जाणारा माणूस सगळ्यात थकलेल्या रात्री सगळ्यात दूर असायला हवा होता. एका रात्रीवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण वहीतल्या त्या तीन नोंदींशी ही रात्र जुळत होती.

पुढच्या भेटीत मी अनिकेतला पहिल्यांदा हे दोन अबोले शेजारी शेजारी ठेवून दाखवले. त्याने वही दोनदा वाचली. म्हणाला, ‘शिमग्यावेळी मला खरंच वाटलं, कामाचा ताण आहे.’ ते त्याचं सोंग नव्हतं. सीझन इतका सोयीचा आडोसा होता की तो स्वतःही त्यामागे लपलाय हे त्याला कळलं नव्हतं. जूनमध्ये पाऊस लागला, बाग मोकळी झाली, आडोसा गेला. जून ते ऑगस्ट आम्ही पंधरा दिवसांतून एकदा भेटलो. काम एवढंच होतं: जवळचा प्रसंग झाला की पुढच्या दिवसासाठी ‘आता खोडी दिसायला लागतील’ हे आधीच ओळखून ठेवायचं, आणि गप्प होण्याच्या आधी सांगायचं, नंतर नाही. दोनदा जमलं, दोनदा नाही. स्वातीने मधेच एकदा लग्न पुढे ढकलायचं म्हटलं आणि ती खरंच ढकलेल असं मला वाटलं होतं. तिने ढकललं असतं तरी मी तिला अडवलं नसतं.

गणपतीत ती पाच दिवस देवगडला होती. विसर्जनाहून परतताना तो वाटेत थांबून म्हणाला, ‘उद्या मी गप्प होईन असं वाटतंय. परवा दुपारी कुडाळला येतो.’ ती मोठ्याने हसली. तो म्हणाला, ‘हे हसणं उद्या मला खटकणार आहे.’

परवा तो आला, संध्याकाळी साडेपाचला. स्वातीने वहीत नोंद केली आहे: ‘दुपार’, आणि पुढे प्रश्नचिन्ह.